दुपाखी घराच्या आखूड भिंतीवरचा त्रिकोण
रंगकामाच्या मोजणीची प्रस्तावना

दुपाखी घराला चार भिंती असतात, पण चारही एका आकाराच्या नसतात. ज्या दोन भिंतींवर पाखी उतरतात त्या लांब भिंती खालपासून वरपर्यंत सरळ आयत असतात. उरलेल्या दोन आखूड भिंती त्याच उंचीला थांबत नाहीत. लांब भिंतीचा माथा जिथे संपतो, तिथून त्या दोन्ही बाजूंनी आत झुकत आढ्यापर्यंत चढतात. आयतावर बसलेला हा भाग त्रिकोणी असतो. गवंडी आणि कंत्राटदार त्याला गेबल म्हणतात. घर रंगवायचे ठरले की मोजपट्टी लांबी, रुंदी आणि उंची घेऊन मोकळी होते आणि हा त्रिकोण एक तर हिशेबातून निसटतो, नाही तर दुप्पट होऊन त्यात शिरतो.

डहाणू तालुक्यातले धाकटी डहाणू हे किनाऱ्यावरचे मच्छीमारांचे गाव. सपाट स्लॅबची घरे आता तिथेही आहेत, तरी कौलारू दुपाखी घराचा आकार या सगळ्या किनारपट्टीच्या चांगल्या ओळखीचा आहे. पावसाचे पाणी झटकन उतरून जावे म्हणून पाखे बरेच उभे ठेवावे लागते. पाखे जितके उभे, तितका त्रिकोण उंच. त्यामुळे कोकणपट्टीतल्या घरात हा भाग नगण्य कधीच नसतो. पुढे हिशेबासाठी धरलेले घर नमुन्याचे आहे. त्याची मापे अशा साध्या, मध्यम आकाराच्या कौलारू घराला शोभतील अशी घेतली आहेत. घराची लांबी ३० फूट, रुंदी १८ फूट, आणि जोत्यापासून लांब भिंतीच्या माथ्यापर्यंतची उंची ९ फूट.

मोजणीआधी छप्पर कोणत्या जातीचे आहे ते पाहावे. चौपाखी घराला चारही बाजूंनी पाखे उतरते, म्हणून तिथे चारही भिंती एकाच उंचीला संपतात आणि त्रिकोण उरतच नाही. एकपाखी छपराच्या दोन बाजूच्या भिंती वर तिरक्या कापलेल्या असतात. त्यांचे क्षेत्रफळ काढायला दोन टोकांच्या उंचींची सरासरी घेऊन तिला रुंदीने गुणले की पुरते. समद्विभुज त्रिकोण बसलेला दिसतो तो फक्त दुपाखी घरात, आणि तोही आढे बरोबर मध्यावर असेल तर.

त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची, भागिले दोन. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या आपल्या ग्रंथात हाच नियम दिला आहे आणि भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’तही तो आहे. शाळेतून बाहेर पडलेल्या बहुतेकांना तो पाठही असतो. चूक नियमात होत नाही. पाया म्हणून काय धरायचे आणि उंची म्हणून काय धरायचे, तिथे होते. वहीतल्या त्रिकोणाला बाजूंची नावे दिलेली असतात. घराच्या त्रिकोणावर ती कोणी लिहून ठेवलेली नसतात.

पाया म्हणजे आखूड भिंतीची बाहेरून बाहेरची रुंदी. नमुन्याच्या घरात ती १८ फूट. कौले मात्र भिंतीवर संपत नाहीत. लांब भिंती पावसापासून वाचाव्यात म्हणून दोन्ही बाजूंना वळचण पुढे काढलेली असते. खाली उभे राहून छपराकडे पाहणाऱ्याला वळचणीपासून वळचणीपर्यंतचा मोठा त्रिकोण दिसतो आणि मोजपट्टी आपोआप त्यालाच लागते. वळचण दोन्हीकडे आडवी दीड-दीड फूट असेल, तर तो पाया २१ फूट होतो. शिवाय वळचणीची कड भिंतीच्या माथ्यापेक्षा खाली असते, म्हणून तिथून मोजलेली उंचीही वाढते. हा दिसणारा मोठा त्रिकोण छपराचा आहे. त्याच्या दोन्ही कोपऱ्यांत भिंत नाही, नुसती हवा आहे.

उंची म्हणजे लांब भिंतीच्या माथ्याच्या पातळीपासून आढ्याखालच्या टोकापर्यंतचे उभे अंतर, ओळंब्यात असलेले. पाख्याच्या तिरक्या कडेची लांबी म्हणजे उंची नव्हे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती होते त्याला कारण आहे. तिरकी कड हाताला लागते. शिडीवरून भिंतीच्या कडेने पट्टी धरली की ती मोजता येते. उभी उंची मात्र कुठेच आखलेली नसते. ती त्रिकोणाच्या पोटात, प्लास्टरच्या सपाट पृष्ठावर मनानेच ओढावी लागते.

ही उंची मिळवण्याची सरळ वाट घराच्या आतून जाते. छपराखाली फळ्यांचे किंवा पत्र्याचे छत नसेल, तर दोन्ही लांब भिंतींच्या माथ्यांवरून, वासे टेकतात त्या पातळीला, आखूड भिंतीला लागून एक दोरी ताणून बांधावी. आढ्यापाशी ओळंबा धरून खाली सोडावा आणि दोरीपर्यंतचे अंतर पट्टीने घ्यावे. ओळंबा दोरीला कुठे छेदतो तेही लिहून ठेवावे, कारण आढे मध्यावर आहे की बाजूला सरकले आहे हे त्यावरूनच कळते. दोरी ताठ हवी. मध्ये ती दोन-तीन इंच झोळ खात असेल, तर तेवढी उंची फुकट वाढते.

आतून जाता येत नसेल, तर तिरकी कड मोजून उंची काढायची. आढे मध्यावर असेल तेव्हा त्रिकोणाचे दोन सारखे काटकोन त्रिकोण होतात. तिरकी कड हा कर्ण, अर्धी रुंदी ही एक बाजू आणि हवी असलेली उंची ही दुसरी. नमुन्याच्या घरात भिंतीच्या माथ्यापासून टोकापर्यंतची तिरकी कड १०.५ फूट भरली असे धरू. अर्धी रुंदी ९ फूट. १०.५ चा वर्ग ११०.२५, ९ चा वर्ग ८१. वजाबाकी २९.२५ आणि तिचे वर्गमूळ ५.४ च्या किंचित वर. म्हणजे उंची सुमारे ५.४ फूट, पट्टीवर पाहिले तर ५ फूट ५ इंच.

इथे इंचांचा एक खड्डा आहे. ५ फूट ५ इंच म्हणजे ५.५ फूट नव्हे. फुटाचे इंच बारा, म्हणून ५ इंच म्हणजे ०.४२ फूट. गुणाकार करण्याआधी सगळे इंच फुटाच्या दशांशात आणावेत, किंवा सगळी मापे मीटरमध्येच घ्यावीत. जुन्या घरांत फूट आणि सरकारी कामात मीटर असा दुहेरी व्यवहार चालतो. एकाच वहीत दोन्ही मिसळले की पुढची कोणतीही बेरीज विश्वासाची राहत नाही.

शिडी लावायला जागाच नसेल, तर कौलांच्या रिपा मोजून तिरक्या कडेचा अंदाज येतो. मंगलोरी कौलांच्या रिपा सारख्या अंतरावर ठोकलेल्या असतात. वळचणीपाशी हात पोहोचेल तिथे दोन रिपांमधले अंतर मोजावे, ते साधारण फुटाहून थोडे जास्त भरते. मग भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंतचे कौलांचे थर खालूनच मोजून गुणाकार करावा. वळचणीवरचे थर वगळायला विसरू नये. या रीतीने अर्ध्या फुटाचा फरक सहज पडू शकतो, म्हणून ती रंगाच्या खरेदीच्या अंदाजाला चालते. मजुरीचे बिल तिच्यावर करू नये.

आता क्षेत्रफळ. १८ गुणिले ५.४ म्हणजे ९७.२, त्याचे अर्धे ४८.६ चौरस फूट. हा एका टोकाचा त्रिकोण. घराला टोके दोन, म्हणून दोन्ही मिळून पुन्हा ९७.२. दोन्ही टोके सारखी असतील, तर भागिले दोन आणि गुणिले दोन एकमेकांना खाऊन टाकतात आणि रुंदी गुणिले उंची एवढ्यावरच दोन्ही त्रिकोणांचे काम होते. सरावलेला माणूस हाच आडमार्ग घेतो. पण तो एकाच टोकाला लावला, म्हणजे घराची एक आखूड भिंत शेजारच्या घराला चिकटलेली असताना लावला, तर त्रिकोण दुप्पट मोजला जातो. दाट वस्तीच्या कोळीवाड्यांतून अशी चिकटलेली घरे असतात, म्हणून रंगणारे टोक एक की दोन हे वहीत स्पष्ट लिहावे.

आयताकृती भागाचा हिशेब सोपा आहे. घराची परिमिती ३० आणि १८च्या बेरजेची दुप्पट, म्हणजे ९६ फूट. गुणिले ९ फूट उंची, ८६४ चौरस फूट. त्यात ९७.२ मिळवले की ९६१.२. त्रिकोणांमुळे आयतापेक्षा सव्वाअकरा टक्के भर पडली. घर आखूड असेल, तर हे प्रमाण वाढते. लांबीही १८ फूटच असती, तर आयताचे क्षेत्रफळ ६४८ झाले असते आणि तेच दोन त्रिकोण त्यात १५ टक्के भर घालते झाले असते. लहान घराच्या मालकाला त्रिकोण विसरणे जास्त जाचते ते यामुळे.

चुकांची किंमत याच घरावर पाहता येते. उंचीच्या जागी तिरकी कड घातली, तर एक त्रिकोण ९४.५ चौरस फूट होतो आणि दोन्ही मिळून १८९, खऱ्यापेक्षा ९१.८ ने जास्त. अर्धे करायचे राहिले, तर दोन्ही मिळून १९४.४. या दोन चुका वेगळ्या असल्या तरी उत्तरे जवळजवळ सारखी येतात, म्हणून नुसत्या आकड्यावरून कोणती झाली ते ओळखता येत नाही. मापे पाहावी लागतात. वळचणीपासून मोजले, तर पाया २१ आणि उंची ६.३ फूट होते, एक त्रिकोण ६६.१५ आणि दोन्ही मिळून १३२.३. म्हणजे ३५ चौरस फूट नसलेली भिंत रंगली.

मोठी चूक पकडायला एक साधी कसोटी आहे. त्रिकोणाभोवती त्याच पायाचा आणि त्याच उंचीचा आयत कल्पावा. त्रिकोण त्याच्या बरोबर निम्मा भरला पाहिजे. शिवाय कौलारू छपराच्या नेहमीच्या उतारात त्रिकोणाची उंची घराच्या रुंदीच्या चौथाईपासून तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते. १८ फुटी घरात ती साडेचार ते सहा फूट. वहीत दहा फूट दिसले, तर तिरकी कड घुसली आहे असे समजावे. सिमेंटच्या किंवा लोखंडी पत्र्याचे पाखे याहून बरेच चापट ठेवता येते, तिथे ही कसोटी लावू नये.

आढे मध्यावर नसलेली घरे थोडी नाहीत. समोरचे पाखे लांब आणि मागचे आखूड, किंवा नंतर भिंत पुढे सरकवून घर वाढवलेले, अशा घरांत त्रिकोणाच्या दोन तिरक्या कडा असमान असतात. दोन्ही लांब भिंतींचे माथे एकाच पातळीला असतील, तर क्षेत्रफळावर याचा काहीही परिणाम होत नाही. नमुन्याच्या घराचे आढे एका भिंतीपासून ७ आणि दुसरीपासून ११ फुटांवर आहे असे धरले, तर ओळंब्याच्या रेषेने त्रिकोणाचे दोन तुकडे होतात. एक ७ गुणिले ५.४ चे निम्मे, म्हणजे १८.९, दुसरा ११ गुणिले ५.४ चे निम्मे, म्हणजे २९.७. बेरीज पुन्हा ४८.६.

पण तिरक्या कडेवरून उंची काढण्याची रीत इथे बिघडते. त्या हिशेबात अर्धी रुंदी घेतली जाते, आणि ती फक्त मध्यावरच्या आढ्याला लागू आहे. या घराची आखूड कड सुमारे ८.८ फूट आणि लांब कड सुमारे १२.३ फूट भरेल. लांब कड आणि ९ फूट घेऊन हिशेब केला, तर उंची सव्वाआठ फुटांच्या वर निघते, खऱ्याच्या दीडपट. आखूड कड घेतली, तर कर्णच बाजूपेक्षा लहान ठरतो आणि वर्गमूळ निघतच नाही. असा अडला हिशेब दिसला की आढे मध्यावर नाही हे नक्की. म्हणून दोन्ही कडा मोजाव्यात. त्या समान असतील तरच अर्धी रुंदी वापरावी; नसतील तर आतून ओळंबा सोडून उंची थेट घ्यावी.

पडवीचे प्रकरण निराळे आहे. पुष्कळ घरांत समोरचे पाखे लांब भिंतीवर न थांबता, किंचित चापट होऊन, पडवीवर उतरते. पडवीला बाजूला भिंत असेल, तर आखूड बाजूने पाहताना त्रिकोण, त्याखालचा आयत आणि शेजारी पडवीचा तिरका तुकडा असा एकच मोठा वेडावाकडा आकार दिसतो. तो एका सूत्रात बसवण्याचा प्रयत्न करू नये. मुख्य भिंतीच्या कोपऱ्यातून मनाने उभी रेषा ओढून पडवी वेगळी करावी. पडवी ६ फूट रुंद, तिची भिंत आतल्या बाजूला ९ फूट आणि बाहेर साडेसहा फूट असेल, तर सरासरी ७.७५ फूट, गुणिले ६, म्हणजे ४६.५ चौरस फूट. त्रिकोण पूर्वीचाच राहतो. पडवीमुळे मुख्य घराची समोरची भिंत झाकली जाते, पण ती रंगायची असतेच, म्हणून ती वजा होत नाही. उलट एखाद्या आखूड भिंतीला टेकून मागाहून न्हाणीघर किंवा जाळी ठेवायची खोली बांधली असेल आणि तिचे छप्पर त्रिकोणात चढले असेल, तर झाकलेला तुकडा मोजून वजा करावा लागतो.

दारे-खिडक्यांची वजावट हा वादाचा विषय असतो. भारतीय मानक आयएस १२०० च्या तेराव्या भागात चुना, डिस्टेंपर आणि भिंतींच्या रंगाच्या मोजणीचे नियम आहेत. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचे, म्हणजे सुमारे ५.४ चौरस फुटांचे मोकळे भोक वजा करत नाहीत, कारण त्याच्या कडा रंगवण्याचे काम तेवढेच पडते. त्रिकोणात हवा खेळण्यासाठी ठेवलेला झरोका बहुधा याच मापात बसतो. दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच झरोका ३ चौरस फुटांचा. तो वजा होत नाही. अर्ध्या ते तीन चौरस मीटरच्या दारा-खिडक्यांना दोन्ही बाजूंना एकच रंगकाम असेल, तर वजावट एका बाजूनेच करायची आणि आतल्या कडा वेगळ्या मोजायच्या नाहीत, असा नियम आहे.

नमुन्याच्या घरात बाहेरूनच रंग आहे आणि वजावट बाहेरून पूर्ण करण्याचे ठरले आहे असे समजू. पुढचे दार साडेतीन बाय सात, म्हणजे २४.५, मागचे दार तीन बाय सात, म्हणजे २१, चार बाय चारच्या चार खिडक्या, म्हणजे ६४. एकूण वजावट १०९.५ चौरस फूट. ९६१.२ मधून ती काढली की रंगायची भिंत ८५१.७ चौरस फूट, साडेआठ ब्रास.

या घरात त्रिकोण ९७ आणि दारे-खिडक्या ११० असे योगायोगाने जवळ आले आहेत. ‘दारे-खिडक्या वजा नको, त्रिकोण मिळवायला नको’ असा तोंडी सौदा त्यामुळे इथे जवळजवळ खरा उतरेल. फरक बारा चौरस फुटांचा. हा सौदा मात्र नियम म्हणून स्वीकारू नये. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत खिडक्या लहान आणि कमी असतात. याच घराला दोन दारे आणि तीन बाय तीनच्या दोनच खिडक्या असत्या, तर वजावट ६३.५ झाली असती आणि रंगाऱ्याचे ३४ चौरस फूट काम बिनपैशाचे गेले असते. उलट मोठ्या खिडक्यांच्या नव्या घरात मालक जास्त देतो. दोन्ही बाजू स्वतंत्र मोजायला अर्धा तास लागतो, तो द्यावा.

रंगाच्या खरेदीत त्रिकोण असा दिसतो. बाहेरच्या इमल्शनचे दोन हात देताना लिटरमागे ५० चौरस फूट भिंत होते असे धरले, तर ८५१.७ ला १७ लिटर लागतात. त्रिकोण विसरला, तर ७५४.५ ला १५ लिटर. दोन लिटरचा हा फरक कामाच्या शेवटी उघडा पडतो, आणि तो त्रिकोणावर पडत नाही. रंगकाम वरून खाली येते, त्रिकोण आधी रंगून होतो आणि रंग संपतो तो खालच्या भिंतीवर, डोळ्यांसमोरच्या उंचीला. दुकानात यंत्रावर पुन्हा कालवून आणलेला रंग आधीच्या डब्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. म्हणून कमी पडलेला रंग आणायचाच झाला, तर तो भिंतीच्या मध्ये सुरू न करता एखाद्या कोपऱ्यापासून सुरू करावा.

त्रिकोणाचे काम खालच्या भिंतीच्या दराने करावे का, हा प्रश्न रास्त आहे, कारण त्यासाठी परांची बांधावी लागते. पण त्रिकोणाचा बहुतेक भाग खालीच असतो. उंचीच्या निम्म्याखाली त्याचे तीन चतुर्थांश क्षेत्रफळ येते आणि वरच्या निम्म्यात फक्त चौथा हिस्सा. नमुन्याच्या त्रिकोणात ४८.६ पैकी सुमारे १२ चौरस फूटच वरच्या पावणेतीन फुटांत आहेत. म्हणजे परांचीची एकच पातळी नीट साधली, तर त्रिकोणाचा मोठा भाग तिथूनच होतो आणि टोकासाठी थोडे वर चढावे लागते. उंचीचा जादा दर द्यायचा असेल, तर तो त्रिकोणाच्या स्वतंत्र नोंदीवर द्यावा. सगळ्या भिंतींवर पसरू नये.

स्वतंत्र नोंदीचे दुसरे कारण पावसातले आहे आणि किनाऱ्यावर ते जास्त मोलाचे आहे. लांब भिंतींना वळचण झाकते. आखूड भिंतीवर कौले जेमतेम काही इंच पुढे असतात, त्यामुळे झड थेट भिंतीवर येते. पश्चिमेला तोंड करून असलेला त्रिकोण चार महिने भिजत राहतो. कौलांची कड जिथे चुन्याने किंवा सिमेंटने बसवलेली असते तिथे ती तडकते आणि पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरते. मग त्रिकोणाच्या तिरक्या कडेला समांतर असा ओलीचा पट्टा दिसतो, त्यावर शेवाळ आणि पुढे लोणा. लोण्यावर दिलेला रंग पापुद्रे होऊन सुटतो. कड आधी गवंड्याकडून भरून घ्यावी, भिंत पूर्ण सुकू द्यावी, लोणा ब्रशने कोरडाच झाडावा, आणि मग प्रायमर द्यावा. पाऊस थांबताच घाईने दिवाळीसाठी रंग लावला, तर ओल आत कोंडते. अशा त्रिकोणाला प्रायमरचा किंवा रंगाचा एक हात जास्त लागतो. त्रिकोण आयतात मिसळून टाकला असेल, तर या जादा हाताचा हिशेब करायला आकडाच हाताशी नसतो.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या लहान-मध्यम धक्क्यांची मालिका जाणवली आणि अनेक घरांना तडे गेले. दगड-विटांच्या दुपाखी घरात त्रिकोण हाच सर्वांत कच्चा भाग असतो. त्याला वरून स्लॅब दाबून धरत नाही, बाजूंनी आडव्या भिंती धरत नाहीत; तो जवळजवळ मोकळा उभा असतो. धक्का बसला की तो आयताच्या माथ्यावरच्या रेषेत सुटतो आणि बाहेर झुकतो. रंगाआधी मोजणीला चढलेल्या माणसाने म्हणूनच ही रेषा पाहून घ्यावी. तिथे आडवा तडा असेल, ओळंबा धरल्यावर टोक बाहेर कलंडलेले दिसेल, किंवा मागे भरलेली भेग पुन्हा उघडली असेल, तर मोजणी थांबवून आधी गवंडी बोलवावा. प्लास्टरवरच्या केसांसारख्या बारीक, जाळीदार भेगा पुट्टीने बुजतात. भिंतीच्या जाडीतून आरपार गेलेली भेग पुट्टीने बुजत नाही, फक्त काही महिने झाकली जाते.

भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकात अशा त्रिकोणाला खाली माथ्याच्या पातळीला आणि वर तिरक्या कडांवर काँक्रीटचा पट्टा देण्याची सूचना आहे. तो पट्टा भिंतीच्या सपाटीतच असेल, तर क्षेत्रफळ बदलत नाही. दुसरा उपाय म्हणजे दगड-विटांचा त्रिकोण उतरवून तिथे फळ्या किंवा पत्रा बसवणे. हे केलेल्या घरात त्रिकोण भिंतीच्या मोजणीतून पूर्ण वगळावा लागतो, कारण लाकडाला किंवा पत्र्याला लागणारा रंग, प्रायमर आणि दर सगळेच वेगळे. पत्रा नागमोडी असेल, तर त्याचा पृष्ठभाग सपाट मापापेक्षा जास्त भरतो आणि त्यासाठी वेगळा गुणक लावावा लागतो.

आतून रंग द्यायचा झाला, तर पाया बदलतो. नऊ इंची भिंत असेल, तर आतली रुंदी १८ नव्हे, साडेसोळा फूट. छत नसलेल्या घरात मधली आडवी भिंतही आढ्यापर्यंत चढलेली असते आणि तिचे दोन्ही तोंडांचे त्रिकोण रंगतात. एका मधल्या भिंतीमागे दोन त्रिकोण. मधली भिंत माथ्याच्या पातळीलाच सोडलेली असेल, तर तिचा त्रिकोण नाही. माळा घातलेला असेल, तर माळ्यावरचा भाग रंगायचा आहे की नाही हे आधी ठरवावे, कारण खालच्या खोलीतून तो दिसतच नाही.

वहीत नोंद करताना आयत आणि त्रिकोण कधीही एका ओळीत लिहू नयेत. सार्वजनिक बांधकामाच्या मोजमाप पुस्तकात संख्या, लांबी, रुंदी, उंची आणि परिमाण असे रकाने असतात. त्रिकोणाच्या ओळीत संख्येच्या जागी ‘२ × १/२’ लिहिले की अर्धे केले आहे आणि टोके दोन आहेत, हे तपासणाऱ्याला लगेच दिसते. पुढे १८ आणि ५.४ ही मापे आणि शेवटी ९७.२ हे परिमाण. मीटरमध्ये हेच ५.४९ आणि १.६५, म्हणजे ९ चौरस मीटरच्या किंचित वर. शेरा म्हणून उंची ओळंब्याने घेतली की तिरक्या कडेवरून काढली, झरोका वजा केला की नाही, आणि कोणते टोक पश्चिमेचे, एवढे टिपून ठेवावे. पुढच्या वेळी रंगकाम काढताना भिंतीची मापे पुन्हा घ्यावी लागत नाहीत. कड, लोणा आणि तडे मात्र दर वेळी नव्याने पाहावे लागतात.